बारा मिळवा, साठाने भागा

गणितबाईंना दोन वयं होती. एक कचेरीच्या नोंदवहीत आणि एक गुडघ्यांत. नोंदवहीतलं एकसष्ट होतं. गुडघ्यांतलं चौऱ्याहत्तर, आणि गुडघे खोटं बोलत नव्हते.

कचेरी पंचांगाची होती. खाली छपाईचं यंत्र, मधल्या मजल्यावर गणिताचं मेज, भिंतभर जुन्या पंचांगांची कपाटं आणि वर दोन खोल्या. कचेरी काढणारे मोठे मालक आता नव्हते. मागे राहिलं होतं त्यांचं नियमपत्र, काचेत घालून जिन्याजवळ टांगलेलं. त्यातले दोन नियम गणितबाईंना पाठ होते. पहिला: गणिताच्या मेजावर नव्याने बसणाऱ्याचं वय पंचविसाच्या आत असावं. दुसरा: मेजावर असेपर्यंत गणित्याला वरची एक खोली मिळेल, तीही एकट्याला, सत्तर पुरी झाली की त्याने मेजावरून उठावं, आणि मग दोन्ही खोल्या आप्तांसह हयातभर त्याच्या.

‘आप्तांसह’ या शब्दावर आत्ता सगळं अडलं होतं. धाकट्या बहिणीचं घर महिनाअखेरीला पाडणार होते. तिला जायला दुसरी जागा नव्हती.

“मग सांगून टाक ना ताई,” धाकटी म्हणाली. पाहुणीने तीन रात्रींहून जास्त राहायचं नाही असाही नियम होता आणि ही तिसरी सकाळ होती. “म्हणावं, मी चौऱ्याहत्तरची आहे. काय फाशी देणारेत?”

“सांगितलं तर विचारतील, मग नोकरीला लागताना किती वर्षांची होतीस? चौतीस. पंचविसाच्या आत पाहिजे होती. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी खोटं बोलून शिरले, असं होईल. दोन्ही खोल्या राहिल्या बाजूला, ही एकसुद्धा जाईल.”

“बोलली होतीस का खोटं?”

“अजिबात नाही. मोठ्या मालकांनी विचारलं, जन्मसाल? मी पत्रिका पुढे केली. त्यांनी नुसतं संवत्सराचं नाव वाचलं, क्रोधी. बोटांवर मोजलं आणि म्हणाले, एकवीस, बसा. छपाईचे दिवस होते, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. मी तोंड उघडलं होतं, पण बोलायचं राहून गेलं.”

“चाळीस वर्षं?”

“कामाचा रगाडाच तेवढा होता.”

धाकटीने कपाळाला हात लावला. तिचं दुखणं वेगळंच होतं. ती खरी एकाहत्तरची. कचेरीच्या हिशेबात तिची थोरली बहीण एकसष्टची, त्यामुळे इथे आली की मोठ्या मालकांचे चिरंजीव, आताचे धाकटे मालक, तिला “या मोठ्या ताई” म्हणायचे, खुर्ची द्यायचे आणि आवाज चढवून बोलायचे. मागच्या वर्षी गणितबाईंची साठी झाली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ त्यांना धाकटीच्याच हातून दिलं होतं, वडीलधाऱ्या म्हणून.

“मी सांगू शकत नाही,” गणितबाई म्हणाल्या. “पण धाकट्या मालकाला सापडलं तर? त्यानेच शोधून काढलं, लिहिलं, सही केली, तर?”

“तो? त्याला सकाळी स्वतःचा चष्मा सापडत नाही.”

“म्हणून तर पत्र सोपं लिहायला हवं,” गणितबाई म्हणाल्या आणि कोरा कागद धाकटीपुढे सरकवला.

पंचांगाच्या शेवटच्या पानावर वाचकांच्या शंकांची उत्तरं छापत. धाकट्या मालकांचा त्या पानावर फार जीव होता. वय बावन्न, वडिलांच्या काळापासूनचे ‘धाकटे’. गणितात बेताचे, पण शंकासमाधानाखाली आपली सही आणि ‘गणित तपासले’ हा शिक्का उमटला की दिवसभर खूश. दोन दिवसांनी टपालकाकांनी त्यांच्यापुढे एक पाकीट ठेवलं.

“निनावी आहे,” टपालकाका म्हणाले. पाकिटं फोडणं, तिकिटं सोडवणं आणि मत देणं ही त्यांची तीन कामं होती. “खाली लिहिलंय, एक जिज्ञासू वाचक. अक्षर बाईमाणसाचं दिसतंय. डोकं असेल बिचारीला.”

पत्रात पत्रिकेची नक्कल होती. जन्म क्रोधी संवत्सरात, वैशाख महिन्यात. शकाचा आकडा नाही. कुंडलीत गुरू मीन राशीत, शनी कन्या राशीत. प्रश्न एकच होता: हा जन्म कोणत्या शकातला, आणि या माणसाचं आज वय काय?

“बाई, हे तुम्ही पाहता का?” मालकांनी विचारलं.

“ग्रहणाचं पान अजून व्हायचंय,” गणितबाई मान खाली घालून म्हणाल्या. “आणि असल्या शंकेला मी कशाला? हे तुमच्या डाव्या हाताचं काम.”

मालक लगेच ताठ बसले. “काका, इकडे या. तुम्हाला दाखवतो. आत्ता शक १९४७, पण हातातलं काम कुठल्या शकाचं? पुढच्या. १९४८. त्यात बारा मिळवा. १९६०. साठाने भागा. साठ बत्तीस १९२०, बाकी चाळीस. संवत्सरांच्या साठ नावांच्या यादीत प्रभवपासून चाळिसावं नाव, पराभव. म्हणून यंदा मुखपृष्ठावर पराभव. समजलं?”

“आणि बाकी शून्य आली तर?”

“तर साठावं, क्षय. हा प्रश्न सगळेच विचारतात.”

“मी मागच्या वर्षीही विचारला होता,” टपालकाका म्हणाले.

“आता उलटं. नाव क्रोधी, यादीत अडतिसावं. अडतिसातून बारा गेले, सव्वीस. सव्विसात साठाचे पट मिळवत चला.” मालकांची पेन्सिल भराभर चालली. “१८२६, १८८६, १९४६. १८२६चा माणूस आज एकशे एकवीस वर्षांचा होईल, तो काही पत्र पाठवत नाही. १९४६चं पोर एक वर्षाचं, त्याला लिहिता येत नाही. उरलं १८८६. वय एकसष्ट! बाई, तुमच्याच सालातलं निघालं की हो.”

“हो का,” गणितबाई म्हणाल्या. “काय योगायोग.”

“लिहून टाकतो.”

गणितबाईंची लेखणी थांबली. हे ठरलेलं नव्हतं. त्या काही बोलणार तोच टपालकाका म्हणाले, “गुरू-शनी बघणार नाही का? वाचकाने मुद्दाम लिहिलेत म्हणून म्हटलं. आपल्याला काय.”

मालकांनी नाइलाजाने १८८६चं पंचांग कपाटातून काढलं, फुंकर मारली आणि वैशाखाचं पान उघडलं. बराच वेळ पाहिलं. मग पंचांग दिव्याखाली धरून पुन्हा पाहिलं.

“गुरू मेषेत. शनी कुंभेत.”

“आणि पत्रिकेत?”

“गुरू मीनेत, शनी कन्येत.” त्यांनी मान हलवली. “गुरूचं ठीक आहे, एका घराचा फरक, लिहिताना हात सरकला म्हणू. पण शनी पाच घरं कसा सरकेल? अडीच वर्षं एकेका राशीत बसणारं ते महाराज.” त्यांनी १९४६चं पंचांग काढलं. “इथेही कुंभ. बरोबरच आहे, साठ वर्षांत शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ पुऱ्या होतात. साठा-साठाने कितीही मागे गेलात तरी शनी तिथेच आसपास, थोडासा मागेपुढे. माणसाच्या हयातीत तरी कन्येत काही पोचत नाही.”

“मग?”

“मग पत्रिका खोटी.” मालकांचा चेहरा खुलला. खोटी पत्रिका पकडणं हे साल शोधण्यापेक्षा मोठं काम होतं. “काका, लिहून घ्या. सदर पत्रिका बनावट असून वाचकांनी अशा भोंदू लोकांपासून—”

भोंदू म्हणजे गणितबाईंच्या आईचे दूरच्या मुलखातले काका, ही पत्रिका मांडणारे. साध्या पडवीत बसून आयुष्यभर एक आकडा चुकवला नव्हता त्यांनी. शिवाय हे एकदा छापलं की पत्रिका कायमची मोडीत निघणार, तीही ‘गणित तपासले’ शिक्क्यानिशी. महिनाअखेरीला धाकटी फुटपाथवर, आणि कागद खोटा ठरवला कुणी? या कचेरीनेच.

आता स्वतः सांगून टाकावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण त्यांनी सांगितलं की ते त्यांचं होणार होतं, मालकांचं नाही. त्या घोटभर पाणी प्यायल्या.

“छापा, छापा,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “जोरदार छापा. पुलापलीकडच्या पंचांगवाल्यांनाही एक प्रत जाईलच.”

मालकांची मान वळली. “त्यांचा काय संबंध?”

“काही नाही. त्यांच्याकडे एक नवा गणिती आलाय म्हणे, बारीक बघणारा. आपल्या प्रत्येक पानावर टपलेला असतो. पण खोटी म्हणजे खोटीच की हो. सगळ्या मोजण्या लावून पाहिल्यात ना तुम्ही?”

“सगळ्या म्हणजे?”

“मला काय ठाऊक, मी बारा मिळवणारी बाई. मोठ्या मालकांनी शिकवलं तेवढंच येतं. त्यापुढचं त्यांनी फक्त तुम्हाला शिकवलं असणार, घरच्या माणसाला.”

हा टोला वर्मी लागला, कारण मोठ्या मालकांनी मुलाला काहीही शिकवलं नव्हतं. मुलगा त्या वेळी छपराच्या पत्र्यावर चेंडू टाकत असायचा. आता मात्र तो उठला, कपाटाच्या सर्वांत खालच्या खणातून वडिलांची जाड टिपणवही काढली आणि पाठमोरा उभा राहून वाचू लागला. टपालकाका पाकीट घेऊन वाट पाहत राहिले. गणितबाई ग्रहणाच्या पानावर त्याच त्या आकड्याखाली तिसऱ्यांदा रेघ मारत होत्या.

“अरे!” मालक म्हणाले.

टपालकाका दोन पावलं जवळ आले.

“अरे, हे तर... काका, ऐका. आपण संवत्सर वर्षाला बांधतो. वर्ष बदललं की नाव बदललं. पण ही नावं मुळात गुरूची. गुरू सरासरीने एक रास चालला की एक संवत्सर. आणि त्याला एका राशीला वर्ष नाही लागत, तीनशे एकसष्ट दिवस लागतात. दर वर्षाला सव्वाचार दिवस कमी. साठत साठत पंचाऐंशी-शहाऐंशी वर्षांत एक अख्खं संवत्सर गळतं. काही मुलखांत ते गाळूनच मोजतात, आपण गाळत नाही. म्हणून त्यांचं नाव वेगळं, आपलं वेगळं!”

“म्हणजे एकाच वर्षाला दोन नावं?” टपालकाका म्हणाले. “आणि पत्रं पाठवणारा कुठल्या मोजणीतला, हे पाकिटावर थोडंच लिहिलेलं असतं?”

“तेच म्हणतोय मी! पण या मोजणीने साल कसं काढायचं...” पानं फडफडली. “हां. शकाला बाविसाने गुणा. ४२९१ मिळवा. १८७५ने भागा. भागाकार शकात मिळवून साठाने भागा. बाकी येईल तितकी संवत्सरं होऊन गेली. चालू त्याच्या पुढचं. पण शक कुठला घालू? कुठलाही घालून बघत बसू का?”

गणितबाईंनी ओठ आवळून धरले. शनी, शनी, असं त्यांच्या मनात चाललं होतं. त्यांनी फक्त खोकून पाहिलं.

“बडीशेप देऊ?” मालक म्हणाले.

“नको. जरा शनिवारपासून घसा धरलाय.”

मालकांचा हात बडीशेपेच्या डबीवरच थांबला. तो शनिवार त्यांना कामी आला की त्यांचं त्यांनाच सुचलं, हे गणितबाईंना पुढेही कधी कळलं नाही. ते कपाटाशी गेले आणि दहा-दहा वर्षांची पंचांगं काढत शनीच पाहत सुटले. कन्येतला शनी त्यांना १९३२च्या सुमाराला सापडला, पण ते पोर अजून शाळेत; मग १९०२च्या आणि त्याआधी १८७३च्या. १९०२शी गुरू जुळेना, सिंहेत निघाला. १८७३च्या वैशाखात गुरू मीन. शनी कन्या.

मग पेन्सिल. १८७३ गुणिले बावीस, ४१२०६. मिळवले ४२९१, झाले ४५४९७. भागिले १८७५: चोवीस, आणि वरती थोडं. चोवीस अधिक १८७३, १८९७. साठ एकतीस १८६०. बाकी सदतीस.

“सदतीस होऊन गेली,” मालक जवळजवळ कुजबुजले. “चालू अडतिसावं. क्रोधी. बसलं! काका, बसलं! पत्रिका खरी आहे! साल १८७३ आहे!”

त्यांनी आनंदाने मेजावर थाप मारली. गणितबाईंच्या ग्रहणावर शाई सांडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या शाईला रागावल्या नाहीत.

“माणसाचं वय?” त्यांनी विचारलं.

“१९४७ वजा १८७३. चौऱ्याहत्तर. आणि काका, खाली हेही लिहा: केवळ नावावरून बारा वजा करून साल काढणाऱ्यांनी ग्रह न पाहता घाई केल्यास तेरा वर्षांची चूक होते, आणि ती चूक काढणाऱ्याची असते, पत्रिकेची नव्हे.”

“हे शेवटचं वाक्य फार छान आहे,” गणितबाई म्हणाल्या. “सही करा ना.”

मालकांनी सही केली. शिक्का मारला. त्यांनी मग कौतुकासाठी वर पाहिलं, तर गणितबाई पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढत होत्या. मूळ पत्रिका. त्यांनी ती नकलेशेजारी नीट ठेवली.

मालकांनी एकदा हा कागद पाहिला, एकदा तो. नक्षीदार अक्षरात वरती नाव लिहिलेलं होतं.

“हे तुमचं आहे.”

“हो.”

“पण नोंदवहीत तर तुमचं १८८६...”

“तुमच्या वडिलांनी लिहिलं. नुसतं नाव वाचून, बारा वजा करून.” त्यांनी शिक्क्याखालचं शेवटचं वाक्य बोटाने दाखवलं. “चूक काढणाऱ्याची असते, पत्रिकेची नव्हे. किती नेमकं लिहिलंयत.”

मालक खुर्चीत बसले. हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर पायरी-पायरीने उतरत होता. चौऱ्याहत्तर. सत्तर पुरी. मेज रिकामं. दोन्ही खोल्या. मग अचानक त्यांचे डोळे बारीक झाले.

“थांबा हं बाई. चौऱ्याहत्तर वजा चाळीस. तुम्ही आलात तेव्हा चौतीस वर्षांच्या होतात! पंचविसाच्या आत नव्हतात! म्हणजे नेमणूकच चुकीची. म्हणजे खोल्या-बिल्या काहीच लागू नाही.”

“हं,” गणितबाई म्हणाल्या. “मुद्दा बरोबर आहे.”

टपालकाकांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

“म्हणजे चाळीस वर्षं या मेजावर अपात्र बाई होती. चाळीस पंचांगं. ग्रहणं, तिथ्या, उदय-अस्त, सगळं अपात्र. हे वाचकांना कळवायला हवं. पहिल्या पानावर घाला, सही करून. पुलापलीकडच्या त्या गणित्यालाही वाचायला मिळेल.”

“तसं मी कुठे म्हटलं?”

“नाही, नियम म्हणजे नियम. अरे, तू दप्तर टाकून पत्र्यावर चेंडू मारायचास तेव्हापासून मी इथे नियमच पाळतेय.” रागावल्या की त्या ‘अरे’वर यायच्या, आणि मालक बारा वर्षांचे व्हायचे. “शिवाय एक सांगते. तुमच्या रीतीने माझं खरं साल धरलं तर १८७३ अधिक बारा, बाकी पंचवीस, नाव येतं खर. म्हणजे गाढव. ते लावून घेण्यापेक्षा आईच्या काकांचं क्रोधी बरं. पण तुम्हाला पहिल्या पानावर खर छापायचं असेल तर छापा. मी म्हणेन, मालकांच्या घराण्याने चाळीस वर्षं गाढवाकडून गणित करून घेतलं.”

टपालकाकांना खोकल्याची उबळ आली आणि ते खिडकीकडे गेले.

मालक बराच वेळ काचेतल्या नियमपत्राकडे पाहत होते. अखेर त्यांनी नोंदवही ओढली, १८८६वर रेघ मारली आणि १८७३ लिहिलं. नेमणुकीच्या रकान्यावरून त्यांची नजर भरभर पुढे सरकली, जणू तिथे ऊन पडलं होतं.

“ग्रहणाचं पान तरी पुरं कराल ना?”

“सत्तर पुरी झाली की मेजावरून उठावं,” गणितबाई म्हणाल्या. “मी आधीच चार वर्षं उशीर केलाय.”

त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. शाईचा डाग त्यांनी टिपकागदाने टिपला, पेन्सिलीला टोक करून ती मालकांच्या बाजूला ठेवली आणि जिना चढायला लागल्या.

महिनाअखेरीला धाकटी ट्रंक घेऊन आली. टपालकाकांची पाठ धरली होती, म्हणून एका बाजूला मालकांनी हात लावला, दुसऱ्या बाजूला धाकटीने. गणितबाई वरच्या पायरीवर उभ्या राहून सूचना देत होत्या. मधल्या वळणावर मालक थांबले. कपाळावर घाम होता.

“बाई, आता सगळं झालंच आहे, तर खरं सांगा. ते पत्र तुम्हीच पाठवलंत ना? आणि वडिलांनी एकवीस म्हटलं तेव्हा, तेव्हाही तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना?”

“ट्रंक खाली टेकवू नका, धाकटे मालक,” गणितबाई म्हणाल्या. “परत उचलताना जड लागते.”